एका मुलीची ओळ

वैद्यकीय अभ्यासक्रमात पीएसएम, म्हणजे सामुदायिक वैद्यकशास्त्र, या विषयाच्या पेपरात एक प्रश्न हटकून येतो. मजकूर साधारण असा असतो: एका आश्रमशाळेतल्या १०० मुलींना लोहाच्या गोळ्यांबरोबर रोज आवळा दिला, दुसरीकडच्या १०० मुलींना नुसत्या गोळ्या दिल्या. तीन महिन्यांनी दोन्ही गटांतलं हिमोग्लोबिन मोजलं. फरक आहे की नाही हे ठरवायला कोणती चाचणी वापराल? खाली चार पर्याय असतात: पेअर्ड टी टेस्ट, अनपेअर्ड टी टेस्ट, काय-स्क्वेअर, अ‍ॅनोव्हा.

बहुतेक मुलं इथे पाठ केलेला तक्ता आठवू लागतात. ‘दोन गट’ दिसले की टी टेस्ट, ‘संबंध’ हा शब्द दिसला की काय-स्क्वेअर. प्रश्न काढणाऱ्याला ही सवय ठाऊक असते आणि तो नेमके हेच शब्द चुकीच्या जागी पेरतो. माझ्या मते प्रश्नातले शब्द थोडा वेळ बाजूला ठेवावेत आणि त्या संशोधकाची नोंदवही डोळ्यांसमोर आणावी. तिच्यातली एकच ओळ बघायची, पहिल्या मुलीची. त्या ओळीत काय लिहिलंय?

वरच्या प्रश्नात तिथे लिहिलेलं असेल: गट पहिला, हिमोग्लोबिन ११.४. दुसऱ्या मुलीच्या ओळीत असेल १२.१. हे मोजलेले आकडे आहेत, त्यांची सरासरी काढता येते, आणि प्रत्येक मुलगी वहीत एकदाच येते. दोन वेगवेगळ्या गटांच्या सरासऱ्यांची तुलना, म्हणून अनपेअर्ड टी टेस्ट.

आता प्रश्नातलं एकच वाक्य बदलू. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर रक्तक्षय, असं धरलं. आवळ्याच्या गटात शेवटी ३० टक्के मुलींना रक्तक्षय होता, दुसऱ्या गटात ४५ टक्के. मुली त्याच, रक्ताचा थेंबही तोच, पण वहीतली ओळ बदलली. आता तिथे ११.४ नाही, ‘रक्तक्षय: आहे’ एवढंच आहे. अशा नोंदींची सरासरी काढत नाहीत, त्या मोजायच्या असतात. टक्केवारी हा आकडा दिसतो म्हणून मुलं फसतात. पण ३० टक्के हा कुठल्याही एका मुलीचा आकडा नाही, कुठल्याच ओळीत तो लिहिलेला नसतो. तो मागाहून, खुणा मोजून तयार झालेला आहे. ही काय-स्क्वेअरची जागा.

१९०० साली कार्ल पिअर्सनने मांडलेल्या या चाचणीचं गणित या उदाहरणात पाटीवर करता येतं. दोन्ही गट मिळून २०० मुली, त्यांतल्या ७५ जणींना रक्तक्षय. आवळ्याने काहीच फरक पडला नसता, तर या ७५ जणी दोन्ही गटांत सारख्या वाटल्या गेल्या असत्या, म्हणजे प्रत्येकी साडेसदतीस. प्रत्यक्षात निघाल्या ३० आणि ४५. दोन्हीकडे अपेक्षेपासूनचं अंतर साडेसात. त्या अंतराचा वर्ग ५६.२५, त्याला अपेक्षित संख्येने भागलं की १.५. असे दोन कप्पे, मिळून ३. रक्तक्षय नसलेल्यांच्या दोन कप्प्यांत अपेक्षित संख्या साडेबासष्ट, तिथून प्रत्येकी ०.९ येतात. एकूण बेरीज ४.८. चार कप्प्यांच्या तक्त्यासाठी नेहमीची मर्यादा ३.८४ असते. उत्तर तिच्यावर गेलं, म्हणजे एवढा फरक निव्वळ योगायोगाने पडणं अवघड. कप्प्यांतल्या अपेक्षित संख्या फार लहान असतील, साधारण पाचाच्या खाली, तर या बेरजेवर विसंबता येत नाही आणि फिशरची एक्झॅक्ट टेस्ट लागते. प्रश्नात ‘८ रुग्ण’, ‘११ रुग्ण’ अशा चिमुकल्या संख्या मुद्दाम दिलेल्या दिसल्या, तर परीक्षकाच्या मनात तीच असते.

जाता जाता एक सांगायला हवं. आकडा मोडून खूण करण्यात नुकसान असतं. ११.९ आणि ७.५ हिमोग्लोबिन असलेल्या दोघी खुणेच्या वहीत एकसारख्याच दिसतात. खरं संशोधन करताना शक्य तोवर आकडाच ठेवावा. परीक्षेत मात्र ही निवड आपल्या हातात नसते. संशोधकाने शेवटी कशाची तुलना केली असं प्रश्नात म्हटलंय, तेच धरायचं.

इथवर बरीच मुलं नीट येतात. गाडी अडते ती पुढे, एकच माणूस वहीत दोनदा येतो तेव्हा.

टी टेस्टचा जन्मच या प्रकाराजवळ झाला आहे. डब्लिनच्या गिनेस या बिअरच्या कारखान्यात विल्यम गॉसेट नावाचा तज्ज्ञ काम करत होता. १९०८ साली त्याने ही पद्धत ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध केली. त्या लेखातलं एक उदाहरण झोपेच्या औषधांचं होतं. दहा रुग्णांना दोन औषधं वेगवेगळ्या वेळी दिली आणि प्रत्येक औषधाने झोप किती तास वाढली ते नोंदवलं. पहिल्याने सरासरी ०.७५ तास वाढली, दुसऱ्याने २.३३ तास.

हे वीस आकडे जणू वीस वेगळ्या माणसांचे आहेत असं समजून अनपेअर्ड टी टेस्ट लावली, तर टी येतो १.८६. त्यासाठीची मर्यादा २.१० आहे, म्हणजे दोन औषधांत फरक आहे असं म्हणता येत नाही. पण माणसं दहाच होती. एका ओळीत एकाच रुग्णाचे दोन आकडे लिहिले आणि त्यांची वजाबाकी केली, की सरासरी फरक १.५८ तास निघतो आणि टी थेट ४.०६ वर जातो. इथे मर्यादा २.२६. आता फरक स्पष्ट आहे.

आकडे तेच असून असं का होतं? कारण माणसामाणसांत फरक प्रचंड होता. पहिल्याच औषधाने एकाची झोप ३.४ तासांनी वाढली, तर एकाची उलट १.६ तासांनी घटली. वीस आकडे एकत्र ओतले की या गोंधळात औषधांमधला फरक बुडून जातो. प्रत्येकाची तुलना स्वतःशीच केली, की दिसतं ते असं: दहापैकी नऊ जण दुसऱ्या औषधाने जास्त झोपले आणि दहाव्याला दोन्ही सारखीच लागू पडली. म्हणूनच प्रश्नात ‘उपचारापूर्वी आणि नंतर’, ‘त्याच रुग्णांमध्ये’ असं काही दिसलं आणि मोजलेला आकडा असेल, तर उत्तर पेअर्ड टी टेस्ट.

‘पूर्वी आणि नंतर’ म्हणजे पेअर्ड टी, हे एकदा मनावर ठसलं की परीक्षक पुढचा सापळा लावतो. आवळ्याच्या गटातल्या १०० मुलींपैकी सुरुवातीला ४५ जणींना रक्तक्षय होता, तीन महिन्यांनी ३० जणींना. चाचणी कोणती? ओळ बघा. तिच्यात ‘आधी: आहे, नंतर: नाही’ असं लिहिलेलं असेल. आकडा नाही, म्हणून टी टेस्ट बाद. पण साधी काय-स्क्वेअरही चालत नाही, कारण तिचा चौकोन मांडायला गेलं की बेरीज २०० होते आणि मुली आहेत १००. प्रत्येक जण दोनदा मोजली गेली. माझ्या पाहण्यात ही चूक ओळखण्याची सर्वांत सोपी खूण हीच: तक्त्याची बेरीज माणसांच्या संख्येशी जुळत नाही.

इथे लागते ती मॅकनेमारची चाचणी. क्विन मॅकनेमार या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ती १९४७ साली मांडली. ज्या मुली आधीही रक्तक्षयी आणि नंतरही तशाच, किंवा आधीही ठीक आणि नंतरही ठीक, त्या बदलाबद्दल काहीच सांगत नाहीत. त्यांना सोडून द्यायचं. समजा २० जणी ‘आहे’वरून ‘नाही’वर आल्या आणि ५ जणी उलट दिशेने गेल्या. ४५ मधून २० वजा, ५ अधिक, राहिल्या ३०. काहीच घडलं नसतं, तर या पंचवीस जणी दोन्ही दिशांना साधारण सारख्या विभागल्या असत्या. दोन संख्यांतला फरक १५, त्याचा वर्ग २२५, भागिले २५, उत्तर ९. मर्यादा तीच, ३.८४. मघाशी ३० आणि ४५ या आकड्यांतूनच ४.८ आले होते. नुसते ३० आणि ४५ दिले तर मॅकनेमारचं गणित करता येत नाही, कोण कुठून कुठे गेलं ते कळावं लागतं. मात्र चाचणीचं नाव सांगायला तेवढीही गरज नाही.

गट तीन झाले, म्हणजे आवळा, लिंबू आणि नुसत्या गोळ्या, तर मोजलेल्या आकड्यांसाठी अ‍ॅनोव्हा. तीन जोड्यांच्या तीन टी टेस्ट करू नयेत. प्रत्येक वेळी चुकून फरक दिसण्याची पाच टक्के शक्यता आपण पत्करलेली असते, ती तिनांत मिळून चौदा टक्क्यांच्या आसपास जाते. खुणांसाठी मात्र तीन गटांनाही काय-स्क्वेअर चालते, फक्त तक्ता मोठा होतो. वेदना ‘शून्य ते दहा’मध्ये सांगायला लावली असेल तर आकडा दिसतो, पण दोन आणि तीनमधलं अंतर आठ आणि नऊमधल्या अंतराएवढंच आहे याची खात्री नसते. परीक्षेत अशा वेळी दोन वेगळ्या गटांसाठी मान-व्हिटनी आणि एकाच माणसाच्या दोन नोंदींसाठी विल्कॉक्सन अपेक्षित असते.

पर्यायांत टी आणि झेड दोन्ही दिसले तर मुलांची घालमेल होते. ‘तीसपेक्षा जास्त नमुना म्हणजे झेड’ हे आपल्याकडच्या गाइडांतून चालत आलेलं सूत्र आहे. खरं तर मूळ लोकसंख्येचं प्रमाण विचलन माहीत नसेल, आणि ते सहसा नसतंच, तर टी कुठल्याही संख्येला बरोबर आहे. नमुना मोठा झाला की दोघांची उत्तरं जवळजवळ एकच येतात, इतकंच.

सगळ्यांत फसवा प्रश्न माझ्या मते वेगळाच आहे. त्यात ‘पूर्वी’ नसतं, ‘नंतर’ नसतं, माणसंही वेगवेगळी असतात. मजकूर असा: हृदयविकाराच्या ६० रुग्णांपैकी प्रत्येकासाठी त्याच वयाचा, त्याच लिंगाचा, त्याच वस्तीतला एक निरोगी माणूस निवडला आणि दोघांचं कोलेस्टेरॉल मोजलं. माणसं १२० आहेत, म्हणून हात अनपेअर्डकडे जातो. पण संशोधकाची वही उघडली तर तिच्यात ओळी साठच सापडतील. प्रत्येक ओळीत दोन माणसं शेजारी बसलेली, आणि शेवटच्या रकान्यात त्यांच्या कोलेस्टेरॉलची वजाबाकी. उत्तर पेअर्ड टी. आणि त्याच जोड्यांना कोलेस्टेरॉलऐवजी ‘तंबाखू खाता का?’ असं विचारून हो-नाही लिहून घेतलं असेल, तर मॅकनेमार.