प्रशीतन व वातानुकूलन तंत्रज्ञ प्रमाणपत्र

प्रशीतन व वातानुकूलन तंत्रज्ञ प्रमाणपत्र हे शीतकपाट, शीतगृह आणि वातानुकूलन यंत्र यांची उभारणी, देखभाल व दुरुस्ती करणाऱ्या व्यक्तीच्या कौशल्याची औपचारिक नोंद होय. या यंत्रांमध्ये उष्णता वाहून नेणारा जो वायू फिरतो त्याला प्रशीतक म्हणतात. बोलीभाषेत त्याला नुसते 'गॅस' म्हटले जाते. तंत्रज्ञाने वीजजोडणी, यंत्रभाग आणि प्रशीतक ही तिन्ही अंगे जाणणे अपेक्षित असले, तरी प्रमाणपत्राची गरज मुख्यतः प्रशीतकामुळे निर्माण झाली. वायू डोळ्यांना दिसत नाही, आणि तो चुकीच्या रीतीने हाताळला तरी यंत्र काही आठवडे व्यवस्थित चालते. त्यामुळे कामाचा दर्जा ग्राहकाला काम होत असताना ओळखता येत नाही.

भारतातील प्रमाणपत्रे

भारतात या व्यवसायाचे सर्वांत रुळलेले शिक्षण औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून (आयटीआय) मिळते. दहावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांसाठी हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असून, अखिल भारतीय परीक्षेनंतर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र दिले जाते. त्यानंतर शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ अन्वये एखाद्या आस्थापनेत उमेदवारी केल्यास वेगळे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. दुसरा मार्ग अल्पमुदतीच्या कौशल्य अभ्यासक्रमांचा आहे. तिसरा मार्ग 'पूर्वशिक्षणाची मान्यता' या नावाने ओळखला जातो. वर्षानुवर्षे एखाद्या उस्तादाच्या हाताखाली काम शिकलेल्या, पण हाती कोणताही कागद नसलेल्या कारागिराची यात चाचणी घेतली जाते आणि तो उत्तीर्ण झाल्यास त्याला प्रमाणपत्र मिळते. या व्यवसायातील फार मोठा वर्ग असाच घडलेला असल्याने तिसऱ्या मार्गाचे महत्त्व कमी लेखता येत नाही. मार्च २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'भारत शीतन कृती आराखड्या'त २०२२-२३ पर्यंत एक लाख सेवा तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते.

मात्र असे प्रमाणपत्र नसलेल्या व्यक्तीने घरगुती वातानुकूलन यंत्र उघडूच नये, अशी देशव्यापी सक्ती भारतात नाही. अमेरिकेतील व्यवस्था याच्या नेमकी उलट आहे. तेथील स्वच्छ हवा कायद्याच्या कलम ६०८ खाली प्रशीतकाचे मंडल उघडणाऱ्या तंत्रज्ञाला प्रमाणपत्र घ्यावेच लागते. परीक्षेत सर्वांसाठी एक मूलभूत भाग असतो, आणि छोटी सीलबंद उपकरणे, उच्चदाबाची यंत्रे व कमी दाबाची यंत्रे यांसाठी निरनिराळे भाग असतात. सर्व भाग उत्तीर्ण होणाऱ्यास सार्वत्रिक प्रमाणपत्र मिळते आणि ते कालबाह्य होत नाही. नियमांतर्गत येणारे प्रशीतक विकत घ्यायचे तरी हे प्रमाणपत्र दाखवावे लागते, आणि सक्तीचा खरा जोर या अटीतच आहे.

प्रशीतकांविषयीचे नियम

माँट्रियल करारामुळे (१९८७) ओझोन थराला हानी पोहोचवणारे वायू टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे बंधन देशांवर आले. भारतात त्यासाठी 'ओझोन थर क्षीण करणारे पदार्थ (विनियमन व नियंत्रण) नियम, २०००' लागू आहेत. त्यांचा रोख उत्पादन, आयात, व्यापार आणि वापर यांवरील परवाने व नोंदणीवर आहे. आर-२२ हा एकेकाळी घरोघरी आढळणारा वायू याच वर्गातील आहे. नव्या उपकरणांच्या निर्मितीत या वर्गातील वायूंचा वापर भारतात ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत संपवण्यात आला, पण जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठी आर-२२ अजून लागतो.

आर-२२ च्या जागी आलेले आर-४१०ए आणि आर-३२ ओझोनला धक्का लावत नाहीत, तथापि ते तापमानवाढीला हातभार लावतात. एक किलो आर-४१०ए हवेत सुटल्यास त्याचा परिणाम २०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतका धरला जातो. आर-३२ साठी हाच आकडा ६७५ आहे. या वायूंना आवर घालण्यासाठी २०१६ मध्ये किगाली दुरुस्ती झाली आणि भारताने ती २०२१ मध्ये स्वीकारली. तीनुसार भारतातील कपात २०३२ पासून सुरू होऊन २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांवर पोहोचायची आहे. पुरवठा आकसत जाणार असल्याने जुन्या यंत्रातील वायू हवेत न सोडता परत मिळवणे हा पुढे खर्चाचाही प्रश्न ठरेल.

आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, तर काही यंत्रांत वापरला जाणारा आर-२९० म्हणजे प्रोपेन पूर्ण ज्वलनशील आहे. हवेच्या दर घनमीटरमागे सुमारे ३०७ ग्रॅम आर-३२ साचल्यावर मिश्रण पेट घेऊ शकते. प्रोपेनसाठी ३८ ग्रॅम पुरतात. दहा बाय बारा फुटांच्या, नऊ फूट उंच खोलीत सुमारे ३० घनमीटर हवा असते. यंत्रातील ९०० ग्रॅम आर-३२ त्या खोलीत पूर्ण मिसळला, तर घनमीटरमागे ३० ग्रॅमच होतात, म्हणजे धोक्याच्या पातळीच्या जेमतेम दहावा भाग. हा हिशेब दिलासा देणारा असला तरी अपुरा आहे. वायू हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो, आणि बंद कप्प्यात किंवा गळतीच्या तोंडाशी त्याचे प्रमाण कितीतरी अधिक असू शकते. जोडकामाची ज्योत नेमकी तेथेच पेटवली जाते.

एका दुरुस्तीचे उदाहरण

समजा, दीड टनाच्या आर-३२ स्प्लिट यंत्राची थंडी कमी झाली आहे. नामपट्टीवर प्रशीतकाचे वजन ९०० ग्रॅम दिलेले आहे. प्रचलित उपाय म्हणजे 'गॅस टॉप-अप': दाबमापक जोडायचा, सिलिंडर उघडायचा आणि नळी गार लागेपर्यंत वायू सोडायचा. या रीतीत वायू कोठून गेला हा प्रश्नच विचारला जात नाही. शिवाय इन्व्हर्टर यंत्रात कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो. त्याबरोबर दाबही बदलत असल्याने केवळ दाब पाहून आत किती वायू आहे हे ठरवता येत नाही. आत किती वायू शिल्लक होता हे माहीत नसताना वरून घातलेला वायू हा निव्वळ अंदाज असतो.

प्रशिक्षित तंत्रज्ञ आधी जाळी आणि पंखा तपासतो, कारण धुळीने चोंदलेल्या जाळीनेही थंडी कमी होते आणि आतील गुंडाळीवर बर्फ धरतो. तेथे दोष नसेल, तर तो खिडक्या उघडतो, आसपास ज्योत किंवा ठिणगी नसल्याची खात्री करतो आणि उरलेला प्रशीतक पुनर्प्राप्ती यंत्राने वेगळ्या सिलिंडरमध्ये काढून घेतो. हा सिलिंडर काट्यावर ठेवलेला असतो आणि तो ८० टक्क्यांपेक्षा अधिक भरला जात नाही. तापल्यावर द्रव प्रसरण पावतो आणि त्याला जागा न उरल्यास सिलिंडर फुटू शकतो. समजा, काट्याने ५२० ग्रॅम दाखवले. म्हणजे ३८० ग्रॅम आधीच हवेत गेले आहेत. त्यांचा तापमानवाढीवरील परिणाम सुमारे २५७ किलो कार्बन डायऑक्साइडइतका होतो.

पुढे नळ्यांत कोरडा नायट्रोजन उत्पादकाने सांगितलेल्या दाबापर्यंत भरून जोडांवर साबणाचे पाणी लावले जाते. या कामी ऑक्सिजन कधीही वापरत नाहीत, कारण दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचे तेल एकत्र आल्यास स्फोट होतो. बुडबुडे बहुधा फ्लेअर जोडाशी दिसतात. नळीचे तोंड कापून ते पुन्हा पसरवावे लागते आणि नट मोजमापी पान्याने आवळावा लागतो. पाव इंची नळीसाठी साधारण १४ ते १८ न्यूटन-मीटर पुरतात. हाताच्या अंदाजाने जास्त आवळलेला नट तांब्याला चिरतो आणि तोच जोड काही महिन्यांनी पुन्हा गळू लागतो.

यानंतरची निर्वात करण्याची पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते. थोडा प्रशीतक सोडून नळ्यांतील हवा बाहेर ढकलण्याची पद्धत अजून सर्रास दिसते, पण तिने नळीच्या आतल्या भिंतीवरचा ओलावा जात नाही. दाब पुरेसा उतरला की पाणी खोलीच्या तापमानालाच उकळते आणि वाफ होऊन पंपातून निघून जाते. २५ अंश सेल्सिअसला त्यासाठी दाब सुमारे २४ मिलिमीटर पाऱ्याच्या खाली यावा लागतो. प्रत्यक्षात ५०० मायक्रॉनच्या, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या, खाली जाण्याचा दंडक पाळतात. मग पंप बंद करून मापक पाहतात. दाब थोडा चढून स्थिरावला, तर ओलावा शिल्लक आहे. तो चढतच राहिला, तर गळती आहे. आर-३२ यंत्रांतील कृत्रिम तेल पाणी चटकन शोषते, आणि पाणी व तेल यांच्या संयोगातून बनणारी आम्ले कॉम्प्रेसरच्या गुंडाळीचे आवरण खातात. शेवटी ९०० ग्रॅम प्रशीतक काट्यावर मोजून भरला जातो. नळी नेमून दिलेल्या लांबीपेक्षा मोठी असेल, तर उत्पादकाच्या तक्त्यानुसार त्यात भर घालतात.

यंत्र एका जागेहून दुसरीकडे हलवताना आणखी एक धोका संभवतो. प्रशीतक बाहेरच्या भागात गोळा करण्यासाठी कॉम्प्रेसर चालू ठेवून द्रवनळीची झडप बंद करतात. कॉम्प्रेसर थांबवण्यापूर्वीच नळी सैल केली, तर तो हवा ओढून घेतो आणि तेल व हवेचे मिश्रण दाबले जाऊन कॉम्प्रेसर फुटू शकतो. असे अपघात अनेक देशांत घडले आहेत.

सेवा कंपन्यांची पसंती

कायद्याची सक्ती नसतानाही सेवा कंपन्या प्रमाणपत्रधारकांना प्राधान्य देतात, याचे पहिले कारण पुनर्भेट हे आहे. हमीच्या काळात त्याच तक्रारीसाठी पुन्हा माणूस पाठवावा लागला, तर त्या फेरीचा खर्च ग्राहकाकडून मिळत नाही. वरील उदाहरणातील पूर्ण दुरुस्तीला टॉप-अपपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, पण टॉप-अप केलेले यंत्र त्याच उन्हाळ्यात पुन्हा बिघडते. ओलाव्यामुळे कॉम्प्रेसर जळाल्यास तो बदलून देण्याचा भार उत्पादकावर किंवा त्याच्या अधिकृत सेवा केंद्रावर येतो.

दुसरे कारण उत्तरदायित्वाचे आहे. कामगार जखमी झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावर येते, आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली ग्राहक सेवेतील त्रुटीची तक्रार करू शकतो. अशा वेळी प्रशिक्षित माणूस पाठवल्याचा लेखी पुरावा कंपनीच्या उपयोगी पडतो. मोठी रुग्णालये आणि कार्यालयीन संकुले वार्षिक देखभालीचा करार करताना कर्मचाऱ्यांची प्रमाणपत्रे मागू शकतात, तेव्हा ती कंपनीला कामे मिळवण्यासाठीही लागतात. किती प्रशीतक काढला आणि किती भरला याची वजनासह नोंद ठेवणारा तंत्रज्ञ साठ्याचा हिशेबही देतो. महाग वायूच्या बाबतीत मालकाला ही सवय विशेष मोलाची वाटते.

मर्यादा

आयटीआयचे दोन वर्षांचे शिक्षण आणि पूर्वशिक्षणाची चाचणी यांत मोठे अंतर आहे, पण भरतीच्या वेळी दोन्हींना सरसकट 'सर्टिफाइड' म्हटले जाते. जुन्या प्रमाणपत्रधारकाने ज्वलनशील प्रशीतक कदाचित कधीच हाताळलेला नसतो. युरोपीय संघाने २०२४ च्या नव्या नियमात ठरावीक वर्षांनी उजळणी किंवा फेरमूल्यमापनाची अट घातली, त्यामागे हीच अडचण आहे. शिवाय कंपनीने पुनर्प्राप्ती यंत्र, मायक्रॉन मापक आणि नायट्रोजनचा सिलिंडर दिलाच नाही, किंवा दिवसाला आठ-दहा तक्रारी मिटवण्याचे बंधन घातले, तर उत्तम शिकलेला तंत्रज्ञही टॉप-अपच करतो. दारात आलेल्या माणसाजवळ वजनकाटा आणि व्हॅक्यूम पंप आहे का, एवढे ग्राहकाला ओळखपत्र पाहण्याबरोबरच सहज तपासता येते.