टोपीचा पांढरा आणि मानेचा रंग

सकाळी दहा. नेवासा फाट्यावरच्या दुकानाचं शटर वर केलं, तोच एक दादा आले. उद्या प्रवरासंगमला त्यांच्या वडिलांचा दशक्रिया विधी. वडिलांचा एकट्याचा फोटोच नाही. लग्नातल्या एका ग्रुप फोटोत ते मागच्या रांगेत आहेत, नुसता चेहरा दिसतोय. धड दुसऱ्या फोटोतलं घ्यावं लागणार: नेहरू शर्ट, खुर्चीत बसलेलं, मांडीवर हात.

अकरा. प्रिंट स्कॅन केली. जुनी असल्यामुळे पिवळी पडलीय, त्यामुळे कातडीचा रंगही खोटा. खरा रंग शोधायला डोक्यावरची टोपी कामी येते. टोपीवर लाल 226, हिरवा 212, निळा 190 असे आकडे आले. ती पांढरी, म्हणजे तिन्ही जवळपास सारखे हवेत.
"दादा, टोपीला नीळ असायची का?"
"आई घालायचीच."
मग Curves मध्ये निळा बाकी दोन्हींपेक्षा किंचित वर ठेवला. तिन्ही अगदी सारखे केले असते, तर चेहऱ्यावर पिवळसर झाक राहिली असती.

साडेबारा. चेहरा धडावर बसवला. चेहरा सावळा, मान गोरी. अशा वेळी बरेच जण चेहराच उजळतात. ते मला पटत नाही. घरच्यांच्या ओळखीचा आहे तो चेहरा, म्हणून बदलायचं ते धड. मान आणि हातांपुरता मास्क करून त्यावर Curves लावलं. गालावर 148, 106, 82; मानेवर 198, 156, 134. मोजताना हनुवटीखालची सावली टाळायची. गालावर पडतो तसाच उजेड असलेली मानेची कड घ्यायची, आणि एका ठिपक्याऐवजी 11 बाय 11 ची सरासरी.

आधी उजेड जुळवायचा, रंग नंतर. सगळ्यात वर Black & White चा थर ठेवला की रंग जातो. तरीही सांधा दिसत असेल तर फरक उजेडाचा आहे. तो मिटल्यावर थर बंद करून लाल, हिरवा, निळा वेगवेगळे ओढले. सावलीत वेगळा बिंदू रोवून ठेवला, नाहीतर कॉलरखालची मान काळीठिक्कर होते.

तीन. मान जुळली, हात मात्र परके वाटत होते. उन्हातान्हात राबलेल्या माणसाचे हात चेहऱ्यापेक्षा काळे असतात. त्यांच्यासाठी वेगळा मास्क करून ते आणखी उतरवले. स्कॅनमधला चेहरा दाणेदार, धड गुळगुळीत. म्हणून धडावर Add Noise, Monochromatic वर टिक करून, तेही थोडंच.

साडेपाच. प्रिंट काढून आधी ट्यूबलाइटखाली पाहिली, मग दाराबाहेर उन्हात. सांधा कुठेच दिसत नव्हता. दादांचे धाकटे भाऊ म्हणाले, "थोडं गोरं करा ना." नुसता चेहरा उजळला तर सांधा पुन्हा उघडा पडणार. म्हणून चेहरा, मान, हात एका ग्रुपमध्ये घेऊन त्यावर एकच हलकं Curves दिलं. दुसरी प्रिंट काढून सातच्या आत फ्रेमवाल्याकडे पाठवली.