नानींची जहाजाची हज

मुंबईहून जिद्दाला जाणारी हजची जहाजे 1995 मध्ये बंद झाली. ‘अकबर’, ‘मोहम्मदी’ ही नावे ज्यांच्या तोंडी आहेत, असे बुजुर्ग अंधेरी, घाटकोपरच्या घरांत आजही भेटतात. त्यांच्या आठवणी फोनवर टिपून ठेवायच्या, तर प्रश्न कसा विचारता यावर बरेच अवलंबून असते.

“नानी, हजचा प्रवास कसा वाटला?” असे विचारले की उत्तर येते, “अल्हम्दुलिल्लाह, छान झाला.” पुढे काय विचारणार? त्यापेक्षा, “घरातून निघताना पेटीत काय काय भरलं होतं?” असे विचारा. मग डाळ-तांदूळ, लोणचे, कफनाचे कापड आणि क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यातला मुक्काम एकामागून एक निघतो. प्रश्न एका वेळी एकच. नानी थांबल्या तर दहा-पंधरा सेकंद आपणही गप्प राहावे. खरी आठवण पुष्कळदा त्या शांततेनंतर येते. शेजारी बसलेल्या मामूंना मात्र आधीच समजावून ठेवावे, नाहीतर नानींची वाक्ये तेच पुरी करतात!

सालाचा घोळ हमखास होतो. समजा, नानी म्हणाल्या, “1974 ला गेलो. निघताना धो धो पाऊस, समुद्र खवळलेला, सगळे ओकत होते.” आता हिशेब करा. हज दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे येते. 1974 ची हज डिसेंबरच्या उत्तरार्धात होती, म्हणजे जहाज पावसाळा संपल्यावर सुटले असणार. 1984 ची हज सप्टेंबरच्या सुरुवातीला होती. तेव्हा निघताना ऐन पावसाळा. म्हणून साल दहा वर्षे पुढचे असू शकते. पण “नानी, तुमचं चुकलं” असे म्हणू नये. “तेव्हा अम्मीचं लग्न झालं होतं का?” एवढेच विचारावे, आणि जुना हज पासपोर्ट असेल तर पाहावा. वहीत नानींचे साल आणि आपला अंदाज, दोन्ही वेगवेगळे लिहावे.

रेकॉर्डिंगआधी परवानगी घ्यावी, आणि ते कोण ऐकणार हेही सांगावे. असरनंतरची वेळ बरी. पाऊण तास पुरे. पंखा बंद करून फोन विमान मोडवर ठेवावा आणि घडी केलेल्या रुमालावर, नानींपासून हातभर अंतरावर ठेवावा. सुरुवातीला तारीख, जागा आणि दोघांची नावे बोलावीत. लिहून काढताना त्यांची कोकणी किंवा दखनी बोली शुद्ध मराठीत बदलू नये.

बोलता बोलता 1992-93 च्या दंगलीचा, सोडलेल्या घराचा विषय निघू शकतो. तो आपण उकरून काढू नये, त्यांनी काढला तर मध्ये प्रश्न न घालता ऐकावा आणि “रेकॉर्डिंग थांबवू का?” असे विचारावे. काही वेळा आठ दिवसांनी फोन येतो, “बेटा, ते शेजाऱ्यांचं नाव काढून टाक.” ते काढावे. नातवंडांच्या ग्रुपवर फाइल टाकायची असेल, तर आधी नानींना पूर्ण ऐकवावी.