चोवीस सेकंदांचा हिशेब

22 नोव्हेंबर 1950. फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सला 19-18 असे हरवले, तेही बराच वेळ चेंडू नुसता हातात धरून. प्रेक्षक वैतागले.

यावर 1954 मध्ये सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी हिशेब मांडला: सामन्याचे 2880 सेकंद, रंगतदार सामन्यातले साधारण 120 शॉट, भागाकार 24. तेवढ्या वेळात चेंडू हातातून सुटला पाहिजे आणि मग रिंगला लागला पाहिजे.

बास्केटखालच्या चौकटीत आक्रमक खेळाडूने सलग तीन सेकंदांहून जास्त रेंगाळायचे नाही. दोन्ही पाय बाहेर पडले की मोजणी नव्याने सुरू होते.

मध्यरेषेपलीकडे नेलेला चेंडू स्वतःहून मागे आणता येत नाही. प्रतिस्पर्ध्याचा हात लागून मागे गेला, तर मात्र उचलता येतो.

तिन्ही चुकांची शिक्षा एकच: चेंडू प्रतिस्पर्ध्याला मिळतो.