पायदळातल्या शिपायाची रोजनिशी

कुरुक्षेत्रावर लढाईला उभे राहिलेले राजे आपल्याला नावानिशी ठाऊक असतात. पण आदिपर्वातला सैन्याचा हिशेब पाहा. एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ. म्हणजे सगळ्या आकड्यांची बेरीज केली, तर निम्मा वाटा पायी लढणाऱ्यांचा. दोन्ही बाजूंच्या मिळून १८ अक्षौहिणींत असे जवळपास २० लाख शिपाई होतात.

त्यांच्यापैकी एकाचीही रोजनिशी आपल्याकडे नाही. मात्र महाभारतातल्याच तपशिलांवर ती बेतता येते. पांडवांच्या बाजूने आलेल्या विराटाच्या सेनेतला एक शिपाई धरू. युद्धाच्या आदल्या रात्री त्याने लिहिलं असतं:

‘हिरण्वतीच्या काठी तळ पडलाय, भोवती खंदक आहे. तंबूंत धनुष्याच्या दोऱ्या, चिलखतं, मध, तूप, राळ यांचे ढीग लागलेत. पगारी वैद्यही आलेत. त्यांना पाहून धीर यायचा, तर पोटात गोळा आला. आमच्या पत्तीत एक रथ, एक हत्ती, तीन घोडे आणि आम्ही पाच जण. हत्ती बिथरला तर पहिले आम्हीच सापडणार. संध्याकाळपासून परवलीचा शब्द घोकतोय. आमची तोंडं पूर्वेला, त्यामुळे सकाळचं ऊन थेट डोळ्यांवर येणार. पायदळाने पायदळाशीच लढायचं, असं ठरलंय म्हणतात. रथातून सुटलेल्या बाणाला ते कोण सांगणार?’

यातली भीती कल्पनेतली आहे, पण तिच्या मागचा तपशील उद्योगपर्वात आणि भीष्मपर्वाच्या सुरुवातीला सापडतो. परवलीचे शब्द आणि ओळखीच्या खुणा युधिष्ठिराने ठरवून दिल्या होत्या. त्यांची गरज उघड आहे. लढाई भाऊबंदांतली, शस्त्रं दोन्हीकडे सारखीच. धूळ उडाली की समोरचा आपला की परका, हे चेहऱ्यावरून कळणार कसं?

नियमही दोन्ही पक्षांनी मिळून केले होते. रथी रथीशी लढेल, पायदळ पायदळाशी. शस्त्र गमावलेल्याला किंवा पाठ फिरवलेल्याला कोणी मारणार नाही. पण त्याच सुमारास भीष्म दुर्योधनाला आपला रोजचा वाटा सांगतात: दहा हजार योद्धे आणि एक हजार रथी. रथात बसून लढणारा सेनापती हा आकडा गाठणार, तर त्यात पायदळ किती पडणार, याचा अंदाज शिपायाला लढाईआधीच आला असता.

युद्ध संपल्यावर स्त्रीपर्वात या माणसांचा पुन्हा उल्लेख येतो. ज्यांचं कोणी उरलं नाही, त्यांचेही अंत्यसंस्कार करा, अशी आज्ञा युधिष्ठिर विदुर, संजय, धौम्य यांना देतो. परमुलखातून आलेल्यांची प्रेतं हजारोंनी एकत्र रचून विदुर त्यांचं दहन करवतो. पायदळाच्या वाट्याला आलेली ही शेवटची नोंद. तीतही नाव एकाचंही नाही.