शंभर लिटरच्या टाकीत तेवीस लिटर

बंगल्यातल्या प्रेशर पंपाशेजारी जी लाल किंवा निळी बंद टाकी असते, तिच्यावर ‘100 लिटर’ लिहिलेलं असलं तरी पंप बंद असताना ती जेमतेम 23 लिटर पाणी देते. यात कंपनीची फसवणूक नाही. हा हवेचा हिशोब आहे.

टाकीत एक रबरी पिशवी असते. पिशवीत पाणी, बाहेर दाबून भरलेली हवा. नळ उघडला की ही हवा फुगते आणि पाणी ढकलते. पण हवा जितकी पसरते तितका तिचा दाब उतरतो. आकारमान आणि दाब यांचा गुणाकार कायम राहतो, हे रॉबर्ट बॉइलने 1662 साली मांडलं. मात्र या गुणाकारात गेजवरचा आकडा तसाच घालून चालत नाही. काटा शून्यावर असतानाही वातावरणाचा साधारण एक बार दाब असतोच, तो मिळवावा लागतो.

समजा, पंप 2 बारला सुरू होतो, 3 बारला बंद होतो आणि रिकाम्या टाकीत हवा 1.8 बारची आहे. एक मिळवला की 2.8, गुणिले 100, म्हणजे 280. पंप बंद होताना दाब 4, म्हणून हवा 70 लिटर जागेत. पंप सुरू होताना दाब 3, हवा 93 लिटर. मधले 23 लिटर तेवढे नळाला.

या काळात धारही बारीक होते, पण दाबाच्या प्रमाणात नाही, त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. टाकीच्या पातळीवरच्या नळाला दाब 3 वरून 2 वर आला, तरी धार सुमारे 18 टक्केच घटते. दहा मीटर उंचावरच्या नळाचा एक बार चढण्यातच जातो. तिथे दाब 2 वरून 1 वर येतो आणि धार 29 टक्के कमी होते. तक्रार नेहमी वरच्या मजल्यावरून का येते, ते इथे कळतं.

पाणी झपाट्याने काढलं तर फुगणारी हवा थंड होते आणि दाब हिशोबापेक्षा जास्त उतरतो. नळ बंद केल्यावर काटा आपोआप थोडा वर सरकतो, तो हवा पुन्हा कोमट झाल्यामुळे. गेज बिघडलेला नसतो.

खरी गडबड हवा निघून गेल्यावर होते. भरलेली हवा पूर्ण गेली, तर हिशोबात 280 ऐवजी 100 उरतात आणि टाकी फक्त 8 लिटर देते. पंप तिप्पट वेळा चालू-बंद होतो. नळ थोडा सोडल्याबरोबर पंप घरघरू लागला, तर आधी इथेच पाहावं. हवेच्या व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर पाणी आलं, तर पिशवी फाटली आहे.

नुसती हवा कमी असेल, तर पंपाची वीज बंद करा, नळ उघडून टाकीतलं पाणी पूर्ण काढा आणि मगच हवा मोजून भरा. पंप सुरू होण्याच्या दाबापेक्षा थोडी कमी.