दीड तासाचं प्रवर्तन, एका पानात

डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला विद्युत चुंबकीय प्रवर्तनावर दीड तासाचं लेक्चर होतं. वही दहा पानं भरते, पण परीक्षेच्या आदल्या रात्री कामाला येतं ते एकच पान. ते पान करताना बहुतेक मुलं सगळी सूत्रं एकाखाली एक उतरवून काढतात. माझ्या मते ती निव्वळ यादी झाली. पान उभं राहायला हवं एका निरीक्षणावर.

मायकेल फॅरेडेने 29 ऑगस्ट 1831 रोजी लोखंडी कड्यावर दोन वेगळ्या कॉइल गुंडाळल्या. एकीला बॅटरी जोडताना दुसरीजवळची चुंबकसुई हलली, तोडताना पुन्हा हलली. मध्ये करंट सुरळीत वाहत असताना मात्र ती स्वस्थ होती. लेक्चरमधला बाकीचा इतिहास गाळा, पण हे ठेवा. फ्लक्स नुसता असून भागत नाही, तो बदलावा लागतो. पानाची पहिली ओळ हीच.

त्याखाली e = −N dΦ/dt आणि Φ = BA cosθ. दुसऱ्या सूत्रात बदलण्याजोग्या तीनच गोष्टी आहेत. B बदलला की ट्रान्सफॉर्मर. कोन बदलला की जनरेटर. चुंबकीय क्षेत्रात तार सरकून क्षेत्रफळ बदललं की e = Blv (तार, तिची गती आणि क्षेत्र एकमेकांना काटकोनात असतील तरच). वहीतली पाच-सहा पानं इथे तीन ओळींत बसतात, आणि सूत्रं सुटी पाठ करावी लागत नाहीत.

उणे चिन्हाला स्वतंत्र ओळ द्या, कारण तिथेच घोळ होतो. 'प्रवर्तित करंट मूळ फ्लक्सला विरोध करतो' असं मुलं लिहितात. लेन्झचा नियम विरोध सांगतो तो बदलाला. चुंबक कॉइलपासून दूर नेला की फ्लक्स घटतो, आणि तेव्हा प्रवर्तित करंट त्याला आधारच देतो.

आता एक गणित पुरे, पण ते चकवणारं निवडा. 200 वेढ्यांच्या कॉइलमधून 4 मिलिवेबर फ्लक्स जातो आणि 0.02 सेकंदात तो उलटा होतो. सरासरी ईएमएफ किती? घाईत 4 धरला तर उत्तर 40 व्होल्ट येतं. पण +4 वरून −4 वर जाताना बदल 8 मिलिवेबरचा, म्हणजे 0.008 वेबर. 200 × 0.008 ÷ 0.02 = 80 व्होल्ट. समासात लिहा: 'उलटा म्हणजे दुप्पट बदल, आधी वेबर करा.'

स्वयंप्रवर्तनाला e = −L di/dt ही एक ओळ बास, कारण करंट बदलला की कॉइलचा स्वतःचाच फ्लक्स बदलतो. भोवरा प्रवाहांसाठी 'म्हणून ट्रान्सफॉर्मरचा गाभा पातळ पत्र्यांचा' एवढंच.

पान झालं की वही मिटा आणि फक्त पानाकडे बघून फॅरेडेची सुई मध्येच का थांबली ते मित्राला सांगा. सांगता आलं नाही, तर सूत्रं राहिली आहेत आणि विषय सुटला आहे, पान पुन्हा लिहा.